‘द्यायचा तर इतका, नाही तर नकोच’ : मालवाहतुकीच्या अटी गणितात कशा बसतात

नाशिक परिसरातल्या पॅकहाउसमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत द्राक्षांच्या गोडीइतकीच चर्चा बुकिंगची असते. माल तोडायचा, प्री-कूलिंग करायचा, रीफर कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवाला न्यायचा आणि तिथून रॉटरडॅमकडे रवाना करायचा. पण कोणत्या शिपिंग लाइननं किती पाठवायचा, हे दर आठवड्याला नव्यानं ठरवावं लागतं. दरपत्रक समोर असतं आणि गुणाकार-बेरीज कुणालाही येते. घोडं अडतं ते अटींवर. एक लाइन म्हणते, ‘आमच्याकडे द्यायचा तर आठवड्याला निदान इतके टन द्या, नाही तर देऊच नका.’ तिकडचा आयातदार म्हणतो, ‘एकाच लाइनवर फार माल टाकणार असाल, तर थोडा दुसरीकडूनही आला पाहिजे.’ २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठमोठ्या लाइननी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्यानंतर अशी अट कुणाला विचित्र वाटत नाही.

‘एक तर हे, नाही तर ते’ आणि ‘असं झालं तर तसं करा’ ही दोन वाक्यं माणसाला सहज कळतात. वाहतुकीचा स्वस्तात स्वस्त आराखडा शोधणाऱ्या गणिताला मात्र ती जशीच्या तशी सांगता येत नाहीत. त्या गणिताला फक्त बेरजा, ठरावीक आकड्यांनी केलेले गुणाकार आणि ‘यापेक्षा जास्त नको, त्यापेक्षा कमी नको’ एवढंच समजतं. या तुटपुंज्या शब्दसंग्रहात ‘तर’ आणि ‘किंवा’ कसे बसवतात, ते एका निर्यातदाराच्या एका आठवड्याच्या हिशेबातून पाहू.

नव्वद टनांचा आठवडा

निर्यातदार आपण कल्पनेतला घेऊ आणि आकडेही तोंडी हिशेब करता यावा इतके गोल धरू. प्रत्यक्षात कंटेनर अख्खेच जातात, तो तपशील बाजूला ठेवून सगळं टनांत मोजू. या आठवड्यात त्याला ९० टन द्राक्षं पाठवायची आहेत आणि त्याच्यापुढे तीन लाइन आहेत.

‘अ’ लाइन सगळ्यात स्वस्त आहे. टनाला ८,००० रुपये, जागा ८० टनांपर्यंत. पण ज्या आठवड्यात ‘अ’ वापरायची, त्या आठवड्यात एजंट, कागदपत्रं वगैरेंचे मिळून १,२०,००० रुपये ठोक लागतात. मग माल एक टन असो की ऐंशी.

‘ब’ लाइनचा दर टनाला १०,००० रुपये आणि जागा ६० टनांची. ठोक खर्च नाही, पण तिची अट आहे : पाठवलात तर किमान २५ टन, नाही तर काहीच नको.

‘क’ लाइन महाग, टनाला १२,००० रुपये, आणि जागा ३० टनांची. तिची मात्र कसलीच अट नाही.

यावर आयातदाराची अट : ‘अ’वर ६० टनांपेक्षा जास्त माल चढवला, तर ‘ब’ आणि ‘क’ मिळून किमान २० टन आले पाहिजेत.

आता ‘अ’, ‘ब’, ‘क’वर जाणाऱ्या टनांना अनुक्रमे xA, xB, xC म्हणू. तिघांची बेरीज ९० आणि प्रत्येकाला जागेची कमाल मर्यादा, इथवर सगळं सरळ आहे. अशा प्रश्नाला रेषीय नियोजन म्हणतात, आणि मालवाहतूक हे त्याचं जुनं माहेरघर. अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी १९४१मध्ये अनेक कारखान्यांतून अनेक गावांना माल स्वस्तात कसा पोचवावा हा प्रश्न मांडला. महायुद्धाच्या काळात ट्यालिंग कूपमन्स वॉशिंग्टनमध्ये मित्रराष्ट्रांच्या जहाजवाहतुकीवर काम करताना त्याच वाटेनं गेले. १९४७मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स ही उत्तर काढण्याची पद्धत दिली. ‘दर, मर्यादा आणि बेरीज’ एवढ्यावर भागत असेल, तर ती पद्धत हजारो चलांचा प्रश्नही सोडवते.

‘ब’च्या अटीपाशी मात्र ती थांबते, आणि का थांबते हे समजून घेण्यासारखं आहे. रेषीय अटींचा एक गुण असा की दोन आराखडे चालत असतील, तर त्यांची सरासरीही चालतेच. एका आराखड्यात ‘ब’वर ४० टन आणि दुसऱ्यात २० टन चालत असतील, तर ३० टन चालणारच. आता ‘ब’ची अट पाहा. शून्य टन चालतात, २५ टनही चालतात, पण त्यांची सरासरी साडेबारा टन चालत नाही. म्हणजे कितीही कल्पकतेनं रेषीय असमानता रचल्या, तरी नुसत्या टनांच्या भाषेत ही अट कधीच लिहिता येणार नाही. मधला तुकडा वगळणं हे रेषीय अटींच्या स्वभावातच नाही. बाहेरून काहीतरी आणावंच लागतं.

शून्य किंवा एक

बाहेरून आणायची ती गोष्ट म्हणजे एक नवा चल, ज्याची किंमत शून्य किंवा एक एवढीच असू शकते. त्याला बायनरी चल म्हणतात. आपण त्याला खटका म्हणू, एक म्हणजे चालू आणि शून्य म्हणजे बंद. खटका माल मोजत नाही, तो निर्णय नोंदवतो.

‘ब’ लाइन वापरायची की नाही, या निर्णयाचा खटका yB. मग अट अशी लिहिली जाते :

```
xB >= 25 yB
xB <= 60 yB
```

खटका चालू असेल तर पहिली ओळ म्हणते ‘किमान २५’ आणि दुसरी म्हणते ‘कमाल ६०’. खटका बंद असेल तर पहिली ओळ म्हणते ‘किमान शून्य’ आणि दुसरी म्हणते ‘कमाल शून्य’, म्हणजे माल शून्यच. साडेबारा टनांना आता कुठेच जागा उरली नाही. दोन्ही ओळी मात्र शुद्ध रेषीय आहेत, कारण चलांना फक्त ठरलेल्या आकड्यांनी गुणलेलं आहे. xB आणि yB यांचा एकमेकांशी गुणाकार कुठेही नाही. तो केला असता, तर प्रश्न रेषीय राहिलाच नसता.

‘अ’च्या ठोक खर्चालाही हीच युक्ती लागते. ‘माल पाठवला तर १,२०,००० द्या’ हेसुद्धा ‘तर’चंच वाक्य आहे. त्यासाठी खटका yA घेऊन खर्चात 120000 yA मिळवायचे आणि सोबत एक ओळ जोडायची :

```
xA <= 80 yA
```

खटका बंद ठेवला तर ‘अ’वर एक किलोही जाऊ शकत नाही. माल पाठवायचा तर खटका चालू करावाच लागतो, आणि चालू केला की पैसे लागतात. उलट बाजूची ओळ, म्हणजे ‘माल नसेल तर खटका बंद ठेव’, लिहायची गरज पडत नाही. खर्च कमीत कमी ठेवायचा असल्यानं गणित विनाकारण सव्वा लाखाच्या आसपासचा खर्च ओढवून घेणार नाही.

‘तर’च्या पोटात ‘किंवा’

आयातदाराची अट यापेक्षा थोडी गुंतागुंतीची आहे, कारण तिच्या दोन्ही टोकांना टनांचे आकडे आहेत : ‘अ’ ६०च्या वर गेला, तर ‘ब’ आणि ‘क’ मिळून निदान २०. ती सोडवण्याची किल्ली तर्कशास्त्रात आहे. ‘असं झालं तर तसं हवं’ हे वाक्य मोडण्याचा मार्ग एकच असतो : असं झालं, पण तसं नव्हतं. तो एक प्रकार टळला की अट पाळली गेली. म्हणजेच ‘असं झालंच नाही, किंवा तसं आहे’ असं म्हटलं तरी अर्थ तोच राहतो. आयातदाराचं वाक्य मग असं होतं : ‘अ’वर ६० टन किंवा त्याहून कमी, किंवा ‘ब’ आणि ‘क’ मिळून २० टन किंवा त्याहून जास्त. दोन्हीपैकी एक तरी खरं असलं पाहिजे, दोन्ही खरी असली तरी हरकत नाही.

‘किंवा’ची दोन टोकं म्हणजे दोन असमानता. त्यांपैकी कोणती पाळायची, हे एक खटका ठरवतो आणि दुसरी तात्पुरती निष्प्रभ होते. असमानता निष्प्रभ करायची कशी? तिच्यात एवढी सूट घालायची, की ती कधीच आड येणार नाही. या सुटीचा आकडा म्हणजेच या तंत्रातला मोठा स्थिरांक. गणिताची माणसं त्याला ‘बिग एम’ म्हणतात. खटका d घेतला, की मांडणी अशी होते :

```
xA      <= 60 + M1 d
xB + xC >= 20 - M2 (1 - d)
```

d शून्य असेल, तर पहिली ओळ कडक होते आणि ‘अ’वर ६०च्या वर जाता येत नाही. दुसऱ्या ओळीतून M2 वजा होतो आणि ती निष्प्रभ होते. d एक असेल, तर उलट घडतं. पहिल्या ओळीला M1ची सूट मिळते आणि दुसरी ओळ ‘निदान २०’ म्हणून ठाम उभी राहते.

M1 आणि M2 किती घ्यायचे? पुष्कळ पाठ्यपुस्तकं ‘पुरेसा मोठा आकडा’ एवढंच सांगून पुढे जातात. आपण जरा थांबू. ‘अ’ची जागाच ८० टनांची आहे. म्हणजे पहिली ओळ निष्प्रभ करायला ६०वर २०ची सूट पुरते, त्याहून जास्त सूट वापरली जाणारच नाही. ‘ब’ आणि ‘क’वरचा माल शून्याच्या खाली जात नाही, म्हणून दुसऱ्या ओळीतही २०ची सूट पुरते. दोन्ही ठिकाणी २० घातले, की ओळी आटोपशीर होतात : पहिली xA <= 60 + 20 d आणि दुसरी xB + xC >= 20 d. ‘पुरेसा मोठा’ आकडा इथे अवघा वीस निघाला.

खटक्याबद्दल दोन बारकावे इथेच सांगायला हवेत. पहिला असा, की d चालू आहे म्हणजे ‘अ’ ६०च्या वर गेलाच, असं नाही. d चालू असताना ‘अ’वर ५० टन गेले, तरी एकही ओळ मोडत नाही. आपल्या ओळी एकाच दिशेनं बोलतात : ‘अ’ ६०च्या वर असेल, तर d चालू असणारच. उद्या कुणी ‘d चालू असेल त्या आठवड्यात विम्याची सवलत मिळते’ असं मॉडेलमध्ये जोडलं, तर गणित ५० टनांवरच d चालू करून फुकटची सवलत लाटेल. मग उलट दिशेचीही ओळ लिहावी लागेल. दुसरा बारकावा नेमक्या ६० टनांचा. अट ‘६०पेक्षा जास्त’ असल्यानं ६०वर ती लागू नाही, आणि आपली मांडणी तेच म्हणते. अट ‘६० किंवा जास्त’ अशी असती, तर ‘६०पेक्षा काटेकोरपणे कमी’ लिहावं लागलं असतं, आणि ते रेषीय असमानतांना जमत नाही. व्यवहारात तिथे ५९.९ लिहून मोकळं होतात. एका पॅलेटपेक्षा बारीक फरकाला या धंद्यात तसाही अर्थ नसतो.

संपूर्ण मॉडेल आणि त्याचं उत्तर

सॉल्व्हर नावाच्या संगणकीय प्रोग्रामना हा सगळा प्रश्न एका छोट्या मजकुराच्या रूपात देता येतो :

```
Minimize
 cost: 8000 xA + 10000 xB + 12000 xC + 120000 yA
Subject To
 total: xA + xB + xC = 90
 fixA:  xA - 80 yA <= 0
 minB:  xB - 25 yB >= 0
 maxB:  xB - 60 yB <= 0
 if1:   xA - 20 d <= 60
 if2:   xB + xC - 20 d >= 0
Bounds
 xC <= 30
Binary
 yA yB d
End
```

खटके तीनच आहेत, त्यामुळे त्यांच्या आठ जुळण्या आपण हातानंही तपासू शकतो. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही बंद ठेवल्या, तर ‘क’च्या ३० टनांत ९० टन मावत नाहीत, म्हणून दोन जुळण्या तिथेच बाद होतात. ‘अ’ बंद आणि ‘ब’ चालू असेल, तर ‘ब’वर ६० आणि ‘क’वर ३० टन जातात. खर्च ९,६०,००० रुपये, आणि d काहीही असला तरी तेवढाच.

राहिल्या चार जुळण्या. ‘अ’ चालू, ‘ब’ बंद आणि d शून्य : ‘अ’वर ६०, ‘क’वर ३०, ठोक खर्च धरून ९,६०,०००. तसंच पण d एक : ‘अ’वर ७०, ‘क’वर २०, खर्च ९,२०,०००. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही चालू, d शून्य : ६० आणि ३०, खर्च ९,००,०००. तिन्ही खटके चालू : ‘अ’वर ६५, ‘ब’वर २५, खर्च ८,९०,०००. हेच सगळ्यात स्वस्त.

इथे तीन खटके होते म्हणून आठ जुळण्या झाल्या. तीस खटक्यांच्या जुळण्या शंभर कोटींच्या वर जातात, आणि खऱ्या निर्यातदाराच्या हंगामभराच्या आराखड्यात खटके शेकड्यांनी असतात. त्या सगळ्या तपासत बसणं अशक्य. त्यावरचा मार्ग एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६०मध्ये मांडला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या या दोन संशोधक स्त्रियांच्या कामाचा खर्च ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीनं उचलला होता. त्यांची पद्धत अशी : आधी खटक्यांना अर्धवट राहू द्यायचं, म्हणजे शून्य ते एकमधली कोणतीही किंमत घेऊ द्यायची. मग प्रश्न पुन्हा साधा रेषीय होतो आणि पटकन सुटतो. येणारा खर्च खरा नसतो, पण खरा खर्च त्याच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून तो तळ म्हणून उपयोगी पडतो. मग एक अर्धवट खटका निवडायचा, एका फांदीवर तो शून्य आणि दुसरीवर एक धरायचा आणि पुढे जायचं. ज्या फांदीचा तळच हाती असलेल्या उत्तरापेक्षा महाग निघेल, ती फांदी आणि तिच्या पोटातल्या सगळ्या जुळण्या न पाहताच छाटायच्या. आजचे सॉल्व्हरही मुळात हेच करतात, जोडीला इतर पुष्कळ युक्त्या असतात.

छाटणी किती होणार, हे तळ खऱ्या उत्तराच्या किती जवळ आहे यावर ठरतं. आणि तळ किती जवळ असेल, हे M किती नेटका आहे यावर.

एम मोठा किती

आपल्या मॉडेलमध्ये खटके अर्धवट राहू दिले, तर ‘अ’वर ७५ आणि ‘ब’वर १५ टन जातात, आणि तळ येतो ८,६२,५०० रुपये. खऱ्या ८,९०,०००च्या हा बराच जवळ आहे. आता समजा, कुणी विचार न करता ८०, ६०, २०, २० या सगळ्या आकड्यांच्या जागी एक लाख लिहिले आणि लाइनच्या जागेच्या मर्यादा वेगळ्या ओळींत दिल्या. खटके नीट शून्य-एक असतील, तर अर्थ अजिबात बदलत नाही. पण खटके अर्धवट होताच चित्र पालटतं. ‘अ’वर ८० टन पाठवायला yA फक्त ०.०००८ एवढा चालू करावा लागतो, म्हणून १,२०,०००च्या ठोक खर्चापैकी ९६ रुपयेच हिशेबात येतात. आयातदाराची अट तर दिसतही नाही. तळ येतो ७,४०,०९६. खऱ्या उत्तरापासून दीड लाख रुपये दूर असलेला तळ कोणतीच फांदी छाटू शकत नाही. तीन खटक्यांना त्यानं फरक पडत नाही. तीनशे खटक्यांचं मॉडेल मात्र रात्रभर चालत राहतं आणि सकाळी स्क्रीनवर उत्तर आणि तळ यांच्यातली दरी तशीच असते. मॉडेल रेंगाळतंय आणि ही दरी मिटत नाही, असं दिसलं की जाणकार आधी M तपासतात.

उशीर परवडला, चुकीचं उत्तर नको. त्याहून मोठा M तेही घडवतो. संगणकाचं अंकगणित दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत अचूक नसतं, म्हणून सॉल्व्हर ‘जवळजवळ शून्य’ला शून्य मानतो. गुरोबी आणि सीप्लेक्स या दोन नावाजलेल्या सॉल्व्हरमध्ये ही सवलत, कुणी बदलली नसेल तर, ०.००००१ एवढी असते. आता M एक कोटी लिहिला, तर ८० टनांसाठी yA लागतो ०.०००००८. तो सवलतीच्या आत आहे, म्हणून सॉल्व्हर त्याला शून्य म्हणून मान्य करतो. अहवालात दिसतं : ‘अ’ लाइन बंद, आणि ‘अ’वर माल ८० टन. ठोक खर्च लागला ९६ पैसे. d सुद्धा असाच शून्याजवळ राहतो आणि ‘अ’वरची ६०ची मर्यादा गुपचूप ओलांडली जाते. कुठेही लाल अक्षरं येत नाहीत. प्रत्येक वेळी असं घडेलच असं नाही, कारण सॉल्व्हर प्रश्न सोडवण्याआधी M स्वतःच आवळण्याचा प्रयत्न करतात. पण त्यावर विसंबून राहणं बरं नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे : खटक्यांच्या किमती पूर्णांकात न छापता आठ-दहा दशांशांपर्यंत छापून पाहायच्या, आणि मूळ अटी मराठीत वाचून उत्तराशी ताडायच्या. ‘अ’ बंद म्हणतोस, मग हे ८० टन कसे?

M लहान ठेवण्याच्या नादात तो गरजेपेक्षा लहान झाला, तर होणारी चूक आणखी शांत असते. समजा, हंगामाच्या भरात ‘अ’नं जागा ८०वरून १२० टन केली. जागेची वेगळी ओळ कुणीतरी बदलली, पण xA <= 80 yA मधले ८० तसेच राहिले. सॉल्व्हर उत्तर देईल, तेही ‘सर्वोत्तम’ असा शिक्का मारून, पण ८०च्या वरचे आराखडे त्यानं पाहिलेलेच नसतील. इथली खूण अशी : उत्तरात एखादा चल नेमका M पाशी येऊन टेकला असेल आणि व्यवहारात तिथे तशी कोणतीच मर्यादा नसेल, तर ती भिंत आपणच बांधलेली असते. M थोडा वाढवून पुन्हा सोडवावं. उत्तर बदललं, तर M चुकला होता.

म्हणून नियम एका वाक्यात सांगता येतो. प्रत्येक ओळीचा M वेगळा काढावा, आणि तो व्यवहारातल्या खऱ्या मर्यादेतून काढावा : लाइनची जागा, पॅकहाउसची क्षमता, त्या आठवड्याचा एकूण माल. यांतला लहानात लहान आकडा चालतो. आपल्या ‘अ’च्या ८०ऐवजी एखाद्या आठवड्यात एकूण माल ५० टनच असेल, तर M सुद्धा ५०च पुरे. अशी खरी मर्यादा कुठेच सापडत नसेल, तर नव्या सॉल्व्हरमध्ये ‘खटका चालू असेल तरच ही ओळ लागू’ असं थेट लिहायची सोय आहे. तिथे M द्यावा लागत नाही. पण जिथे नेटका M माहीत आहे, तिथे तो स्वतः देणं बहुधा जास्त फायद्याचं ठरतं.

अटीची किंमत

मॉडेल नीट बसलं, की त्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो : कोणती अट आपल्याला केवढ्याला पडते? एखादी ओळ खोडायची आणि पुन्हा सोडवायचं, एवढंच.

‘ब’ची २५ टनांची अट खोडली आणि आयातदाराची ठेवली, तर ‘अ’वर ७० आणि ‘ब’वर २० टन जातात, खर्च ८,८०,०००. म्हणजे १०,००० वाचले. उलट आयातदाराची अट खोडली आणि ‘ब’ची ठेवली, तर ‘अ’वर ८० आणि ‘क’वर १० टन जातात. खर्च पुन्हा ८,८०,०००. इथेही वाचले १०,०००च. आता दोन्ही अटी एकदम खोडल्या, तर २०,००० वाचावेत असं वाटेल. पण ‘अ’वर ८० आणि ‘ब’वर १० टन पाठवता येतात आणि खर्च ८,६०,०००वर येतो. ३०,००० वाचतात. एकटी अट काढली तर उरलेली दुसरी अट आराखडा अडवून धरते, दोन्ही गेल्या तरच तो मोकळा होतो. सरळ रेषीय प्रश्नात प्रत्येक मर्यादेची किंमत सोडवतानाच हाती येते. खटके आले, की ती सोय जाते आणि अटींच्या किमती अशा एकत्रच तपासाव्या लागतात.

निर्यातदाराला ‘ब’शी घासाघीस करायची असेल, तर यातून नेमकं काय मागायचं तेही कळतं. किमान माल २५वरून २० टनांवर आणला, तरी १०,००० रुपये पूर्ण वाचतात, कारण आयातदाराच्या अटीमुळे ‘अ’ ७०च्या वर जाऊच शकत नाही. त्याहून खाली, पंधरा किंवा दहा टनांवर, उतरवण्यासाठी भांडणं व्यर्थ आहे. त्या पाच टनांच्या बदल्यात आठवड्याला दहा हजारांपर्यंतची कोणतीही सवलत ‘ब’ला दिली, तरी निर्यातदाराचं नुकसान नाही. आयातदार आपली अट सैल करायला तयार झाला, तर मात्र ‘ब’कडे पुन्हा जाऊन आणखी खाली यायला सांगण्यात अर्थ आहे.